बाळंतपणाला भरती करताना : कोणते कागद, कोणत्या सह्या आणि ‘दोन बोटं’ म्हणजे काय

ग्रामीण रुग्णालयात प्रसूती कक्षाबाहेर उभी असलेली सासू दर अर्ध्या तासाने एकच विचारते, “सिस्टर, काहून इतका टाईम लागून राह्यला? सकाळीच तं दोन बोटं म्हणे!” निम्मा गोंधळ या दोन बोटांचाच असतो.

आधी कागदांचं बघू. माता-बाल संरक्षण कार्ड, म्हणजे आशाताईंनी भरून दिलेलं ते कार्ड, सगळ्यात महत्त्वाचं. रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपी, आधीचं बाळंतपण कसं झालं, हे सगळं डॉक्टर त्यातच बघतात. सोबत सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार कार्ड आणि बाईच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक घ्या. घरचं दारिद्र्यरेषेखालचं रेशनकार्ड किंवा अनुसूचित जाती-जमातीचा दाखला असेल तर तोही ठेवा. जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात 700 रुपये या गटांतल्या बाईला मिळतात. पासबुक माहेरच्या नावाचं आणि कार्ड सासरच्या नावाचं असलं की पैसे अडकतात, म्हणून हे सातव्या-आठव्या महिन्यातच तपासा. मात्र कागद घरी राहिला म्हणून भरती थांबत नाही. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सीझर, औषधं, तपासण्या आणि रक्त सगळ्याच बायांना मोफत आहे.

आता सासूबाईंचा प्रश्न. बाळ बाहेर येण्यासाठी पिशवीचं तोंड उघडावं लागतं. ते पूर्ण उघडलं म्हणजे 10 सेंटिमीटर. आम्ही हाताने तपासतो, म्हणून बोटांची भाषा आली. एक बोट म्हणजे साधारण दीड-दोन, दोन बोटं म्हणजे तीन-चार सेंटिमीटर. तिथपर्यंत पोचायला पहिलटकरणीला कधी कधी अख्खा दिवस जातो. त्यामुळे कळा जोराच्या नसतील आणि तोंड एकच बोट उघडलं असेल, तर थांबा म्हणणं म्हणजे टाळाटाळ नव्हे. चार सेंटिमीटरच्या पुढे मात्र आम्ही घड्याळ लावतो. पार्टोग्राफ नावाच्या तक्त्यावर तासाला एक सेंटिमीटर अशी रेघ असते. बाळंतीण त्या रेघेच्या मागे पडली की आम्ही सावध होतो.

अशी एक सून आमच्याकडे होती. पहिलं बाळंतपण, दिवस भरलेले. पहाटे घरीच पाणी गेलं, पण कळा नाहीत. सकाळी तपासलं तेव्हा एकच बोट. पाणी गेल्यावर फार वेळ गेला की आई-बाळाला जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून डॉक्टरांनी कळा आणायचं ठरवलं, यालाच इंडक्शन म्हणतात. आधी गोळीने तोंड मऊ होतं, मग गरज पडली तर सलाईनमधून थेंब मोजून कळांचं औषध देतात. “थेंब वाढवा ना थोडे,” असं नातेवाईक म्हणतात, पण कळा फार जवळजवळ आल्या की बाळाचे ठोके घटतात. आधीचं सीझर असेल तर ते पहिल्याच मिनिटाला सांगा. जुनी शिवण उसवायचा धोका असतो, त्यामुळे ही गोळी तिथे देत नाहीत.

तिचं तोंड दुपारी दोन वाजता 4 सेंटिमीटर झालं. सहाला 8 व्हायला हवं होतं, होतं 5. बाळाचं डोकं वरच होतं. आमच्याकडे भूलतज्ज्ञ नव्हते, म्हणून कळांचं सलाईन बंद करून 102 च्या गाडीने जिल्ह्याला पाठवलं. तिथेही तपासणीत 5 च निघालं आणि सीझरचा निर्णय झाला.

इथे दुसरी सही येते. भरतीच्या वेळची सही तपासणी आणि उपचारासाठी असते. सीझरला वेगळं संमतीपत्र असतं, त्यात भूल आणि लागल्यास रक्त देण्याचाही उल्लेख येतो. बाईला 18 वर्षं पूर्ण झाली असतील आणि ती शुद्धीवर असेल तर तिची स्वतःची सही लागते. नवऱ्याची किंवा सासऱ्याची सही साक्षीदार म्हणून घेतात. ते पुण्याला कामावर आहेत म्हणून वाट बघत बसू नका. सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा : सीझर का लागतंय, आणि थांबलो तर काय होईल? साध्या भाषेत उत्तर मिळणं हा तुमचा हक्क आहे.

भूल बहुतेक वेळा कमरेत सुई टोचून देतात. कमरेखालचा भाग बधिर होतो, बाई जागी असते. हे माहीत नसल्यामुळे बायका घाबरतात. आणि सीझरची शक्यता दिसताच आम्ही खाणं बंद करतो. तेव्हा “एक घोट चहा तं देऊ द्या” म्हणत कप आत नेऊ नका. भूल देताना पोट भरलेलं असेल तर उलटी फुफ्फुसात जाऊ शकते.

त्या सुनेला रात्री मुलगी झाली. सीझर असल्यामुळे 7 दिवसांचं जेवण दवाखान्यातून मोफत होतं, साध्या बाळंतपणाला ते 3 दिवसांचं असतं. घरी सोडायलाही गाडीचे पैसे लागत नाहीत. सुट्टीच्या आदल्या दिवशी तशी नोंद करून घ्या, नाहीतर सकाळी रिक्षा शोधत बसावं लागतं.