चॅटबॉटची हळू घसरण आणि बेसलाइनचा वाद : पार्श्वभूमी

लाइव्ह चॅटबॉट एका दिवसात बिघडला तर ते कुणालाही कळतं, तक्रारी येतात, स्क्रीनशॉट फिरतात, रात्रीतून जुनी आवृत्ती परत लावली जाते. इथे विषय त्या बिघाडाचा नाहीये. पाच महिन्यांत शंभरातली सहा चुकीची उत्तरं वाढून बारा होतात आणि मधल्या कुठल्याच आठवड्यात काही झालंय असं कुणाला वाटत नाही, ती घसरण पकडायची पद्धत कुठून आली आणि तिच्यात आजही भांडण कशावरून होतं, ते बघू.

मुळं तशी जुनी आहेत. १९२४ मध्ये टेलिफोनची उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या अभियंत्याने वरिष्ठांना एक छोटी नोट दिली, तिच्यात एक आलेख होता आणि आलेखावर मर्यादेच्या रेषा. मालात थोडा चढउतार होणारच, त्यामागे धावू नका, रेषेबाहेर गेलं तरच कारण शोधा, एवढं त्याचं म्हणणं. त्यातली अडचण अशी की तो आलेख प्रत्येक नमुना एकेकटा बघतो, मागचे पाच नमुने सगळे जरा जरा वरच्या बाजूला होते हे तो विसरून जातो. म्हणून १९५४ मध्ये एका ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने प्रत्येक नमुन्याचा अपेक्षित आकड्यापासूनचा फरक साठवत नेण्याची पद्धत मांडली, तिला क्युसम म्हणतात. हळू घसरणीवरचं औषध तेव्हापासून तयार आहे, चॅटबॉटवाल्यांना ते सापडायला मात्र बराच काळ गेला.

मधल्या काळात दोन वेगवेगळ्या घराण्यांनी आपापल्या सवयी तयार केल्या. पहिलं कॉल सेंटरचं. दर महिन्याला प्रत्येक एजंटचे थोडे कॉल ऐकायचे, ठरलेल्या फॉर्मवर मार्क द्यायचे, आणि अधूनमधून सगळ्या रिव्ह्यूअरनी एकत्र बसून एकच कॉल ऐकून मार्क जुळतात का बघायचं. चॅटबॉटचे थोडे संवाद काढून माणसांनी वाचायचे हा सॅम्पल रिव्ह्यू जवळजवळ जसाच्या तसा तिथूनच आलाय. दुसरं घराणं सर्व्हर सांभाळणाऱ्यांचं. त्यांचा भर अलर्टवर, आणि सर्व्हरवरची गर्दी दिवसारात्री, वारानुसार बदलत असल्यामुळे ते आजची तुलना नेहमी मागच्या आठवड्याशी किंवा मागच्या काही दिवसांच्या सरासरीशी करतात. त्यांच्या कामासाठी ते अगदी बरोबर आहे.

जुन्या चॅटबॉटला या दोघांची फारशी गरज पडायची नाही कारण त्याच्याकडे स्वतःचाच मीटर होता. प्रश्न ओळखीच्या साच्यात बसला नाही की तो 'माफ करा, मला समजलं नाही' म्हणायचा, आणि अशी किती उत्तरं गेली हे मोजलं की तब्येत कळायची. २०२२ च्या शेवटी मोठ्या भाषा मॉडेलवरचे बॉट आले आणि हा मीटर गेला, कारण हे बॉट न समजताही सफाईदार उत्तर देतात. सर्व्हरच्या नजरेतून चुकीचं उत्तरही यशस्वीच असतं, विनंती आली, उत्तर गेलं, वेळेत गेलं. त्यामुळे आतला मजकूर माणसाने वाचण्याशिवाय इलाज उरला नाही.

२०२३ मध्ये एक अभ्यास गाजला, एकाच नावाच्या मॉडेलला मार्चमध्ये आणि जूनमध्ये तेच प्रश्न विचारले, आणि संख्या मूळ आहे का हे ओळखण्यात अचूकता ९७.६ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर आली. मग इतरांनी दाखवलं की विचारलेल्या सगळ्याच संख्या मूळ होत्या, म्हणजे मॉडेलचं 'हो' म्हणायचं वळण जाऊन 'नाही' म्हणायचं लागलं होतं, गणिती समज कमी झाली असं त्यातून सिद्ध होत नव्हतं. टीका योग्यच होती. पण ज्याचा बॉट त्या मॉडेलवर लाइव्ह चालू होता त्याच्यासाठी वळण बदलणं हाही बदलच, आणि तो त्याला न सांगता झाला होता. आठवड्याचं सॅम्पलिंग लागतं ते यासाठीच.

आता खऱ्या वादाचा मुद्दा. दर आठवड्याला रँडम २०० संवाद काढले, माणसांनी वाचले, वाईट उत्तरं मोजली. तो आकडा कशाशी ताडायचा, म्हणजे बेसलाइन कुठली धरायची? सर्व्हरवाले म्हणतात मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी, कारण प्रश्न बदलतात, प्रॉडक्ट बदलतं, जुनी बेसलाइन शिळी होते. कॉल सेंटरच्या बाजूने आलेले म्हणतात की बॉट चांगला होता हे ज्या काळात तपासून ठरवलं त्या काळाशीच, आणि ती बेसलाइन हलवायची नाही. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे, आणि ते का हे आकड्यांतच दिसतं.

समजा सुरुवातीला वाईट उत्तरं ६ टक्के आहेत, म्हणजे २०० मागे १२. दर आठवड्याला ती ०.३ टक्क्यांनी वाढतायत. चालत्या सरासरीशी तुलना केली तर या आठवड्याचा आकडा मागच्या चारांच्या सरासरीपेक्षा किती वर असेल? फक्त पाऊण टक्का. आणि तो कायम पाऊण टक्काच राहतो, वाईट उत्तरं ८ टक्के असोत नाहीतर १५ टक्के, कारण बेसलाइन पण घसरणीबरोबर चालत राहते. २०० च्या नमुन्यात निव्वळ योगायोगानेच आकडा दीड-पावणेदोन टक्के इकडेतिकडे होतो, त्यात पाऊण टक्का कधीच दिसणार नाही. म्हणजे हा अलर्ट उशिरा वाजतो असं नाही, हळू घसरणीसाठी तो वाजायलाच बनवलेला नाही, आणि डॅशबोर्ड मात्र पाच महिने हिरवा.

स्थिर बेसलाइन घेतली आणि १९२४ वाली रेषा लावली तर मर्यादा साधारण ११ टक्क्यांवर येते, म्हणजे २०० मध्ये २३ वाईट उत्तरं मिळाली की अलर्ट. सरासरीला तिथे पोचायला साधारण अठरा आठवडे लागतात. योगायोगाने एखादा आठवडा त्याआधीच रेषा ओलांडेल, बहुतेक ओलांडेलच, पण पुढच्या आठवड्यात १८ आले की मीटिंगमध्ये 'तो एक आठवडा वाईट होता' म्हणून विषय बंद होतो. हे इतक्या वेळा होतं की मी रेषेवर एकट्या अवलंबून राहा असं कुणाला सांगत नाही.

क्युसम मात्र विसरत नाही. आठवड्याच्या वाईट उत्तरांना x म्हणा, अपेक्षित १२ मध्ये २ ची सूट धरा आणि वरचा फरक साठवत जा:

```
S = max(0, S + x - 14)
```

S किती झाला की अलर्ट द्यायचा तो थ्रेशोल्डही १४ ठेवू. पहिले तीन आठवडे सरासरी १४ च्या खाली असते त्यामुळे S शून्यावरच राहतो. चौथ्यापासून ०.४, मग १.४, ३, ५.२, ८, ११.४ असं वाढत दहाव्या आठवड्यात तो १५.४ होतो आणि अलर्ट वाजतो. तेव्हा वाईट उत्तरं ९ टक्के असतात. प्रत्यक्षात नमुना वरखाली होत असल्यामुळे एखाददोन आठवडे मागेपुढे होईल, पण इथे एक चांगला आठवडा आला म्हणून आधीचं सगळं पुसलं जात नाही, आणि S कधीपासून वर चढायला लागला ते आलेखावर दिसतं, म्हणजे नेमका कुठला बदल तपासायचा त्याचा धागा पण मिळतो. सूट आणि थ्रेशोल्ड ठरवताना आपल्याच जुन्या, चांगल्या काळातल्या आकड्यांवर चालवून खोटे अलर्ट किती येतात ते बघावं, जास्त येत असतील तर थ्रेशोल्ड वाढवावा.

विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मात्र खरा आहे आणि तो मान्य केला नाही तर स्थिर बेसलाइन लवकरच बदनाम होते. धरा की ऑर्डर कुठे पोचली असले सोपे प्रश्न ७५ टक्के आहेत, त्यात वाईट उत्तरं ४ टक्के, आणि रिफंडचे प्रश्न २५ टक्के, त्यात १२ टक्के. एकूण ६ टक्केच. सेलनंतर रिफंडचे प्रश्न निम्मे झाले की एकूण आकडा ८ टक्के होतो, बॉट कणभरही बिघडलेला नसताना. यावर चालती सरासरी हा उपाय नाही, ती खरी घसरणही त्याच पोटात गिळून टाकते. प्रत्येक प्रकारचे वाईट टक्के वेगळे काढून त्यांना जुनंच ७५-२५ चं वजन द्यायचं, मग आकडा पुन्हा ६ वर येतो आणि जी वाढ उरेल ती बॉटची. बेसलाइन बदलायचीच असेल, उदाहरणार्थ नवीन प्रॉम्प्ट मुद्दाम लावला म्हणून, तर ती एका तारखेला, कारण लिहून, कुणीतरी सही करून बदलावी, आपोआप सरकू देऊ नये.

अजून एक गोष्ट घसरते, ती म्हणजे रिव्ह्यूअर. तेच काम महिनोन्महिने करणारा माणूस एकतर सैल होतो नाहीतर कडक होतो, आणि आकडा बॉटचा हलला की वाचणाऱ्याचा हे कळत नाही. कॉल सेंटरवाल्यांची एकत्र बसण्याची रीत इथे अपुरी पडते, कारण सगळेच एका दिशेने सरकले तर आपसात मार्क जुळतातच. म्हणून दर आठवड्याच्या गठ्ठ्यात जुने, आधी मार्क दिलेले वीसेक संवाद ओळख न देता मिसळतात. महिन्याभरात असे ऐंशी जमतात, त्यात पूर्वी ५ वाईट ठरले होते आणि आता ११ ठरतायत तर आधी रिव्ह्यूअरकडे बघायचं. २०२३ पासून रिव्ह्यूचं काम दुसऱ्या मॉडेलला देणं वाढलंय, तिथेही हेच लागू, परीक्षक मॉडेलची आवृत्ती बदलली तर जुनी आणि नवी दोन्ही त्याच जुन्या संवादांवर चालवून फरक काढल्याशिवाय आलेख पुढे नेऊ नये.

आणि सॅम्पलची एक मर्यादा अलीकडेच ठळक झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये एका मॉडेल कंपनीने स्वतःच जाहीर केलं की ऑगस्टमध्ये काही विनंत्या चुकीच्या सर्व्हरकडे जात होत्या, सुरुवातीला एका मॉडेलच्या फक्त ०.८ टक्के, पुढे सर्वात वाईट तासात १६ टक्के, आणि वापरणारे जी घसरण सांगत होते ती कंपनीच्या चाचण्यांत पकडली गेली नव्हती. ०.८ टक्के म्हणजे २०० संवादांत एखाददुसरा, कुठलाही थ्रेशोल्ड त्यावर वाजणार नाही. पण तिथे एकदा चुकीच्या सर्व्हरकडे गेलेल्या माणसाच्या पुढच्या विनंत्याही तिकडेच जाण्याची शक्यता जास्त होती, म्हणजे त्रास सगळ्यांना थोडा थोडा नव्हता, थोड्यांना खूप होता. म्हणून आता काही टीम २०० पैकी दीडशे संवाद रँडम ठेवतात आणि उरलेले पन्नास वेगळ्या पद्धतीने काढतात, आधी माणसं निवडायची आणि मग एकेका माणसाचे सलग पाच संवाद वाचायचे. हे पन्नास क्युसमच्या बेरजेत धरत नाहीत, कारण ते रँडम नाहीत आणि धरले तर ६ टक्क्यांची बेसलाइनच बिघडते. शिवाय रँडम नमुना दीडशेवर आला की अपेक्षित वाईट उत्तरं १२ ऐवजी ९ होतात, त्यामुळे सूट आणि थ्रेशोल्ड दोन्ही नव्याने बसवावे लागतात.