अपडेटमार्गे होणारा पुरवठा साखळी हल्ला

सॉफ्टवेअर कंपनीच्या अपडेट व्यवस्थेत शिरून तिच्याच हातून ग्राहकांच्या संगणकांवर घातक कोड पोहोचवण्याची पद्धत. अशा हल्ल्यात नियमित अपडेट घेणारा, काळजी घेणारा ग्राहकच आधी सापडतो.

याचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एकात वितरणाच्या वाटेवर बनावट फाइल पुढे केली जाते. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या ‘फ्लेम’ या घातक प्रोग्रॅमने एमडी५ या जुन्या हॅश पद्धतीतील, म्हणजे फाइलचा ठशासारखा छोटा आकडा काढण्याच्या पद्धतीतील, दोष वापरून मायक्रोसॉफ्टचे वाटावे असे प्रमाणपत्र बनवले होते आणि त्याच्या आधारे स्थानिक नेटवर्कवरील संगणकांना खोटे विंडोज अपडेट दिले होते. दुसऱ्या प्रकारात फाइल, तिच्यावरील कंपनीची डिजिटल स्वाक्षरी आणि सर्व्हर हे सारे अस्सल असते. विष कालवले जाते ते त्याआधी, बिल्ड होताना, म्हणजे कोडपासून चालवण्याजोगी फाइल बनताना. सोलरविंड्स प्रकरण याच प्रकारात मोडते.

सोलरविंड्स या अमेरिकी कंपनीचे ‘ओरायन’ हे नेटवर्कवर देखरेख ठेवणारे सॉफ्टवेअर आहे. तिच्या बिल्ड सर्व्हरवर हल्लेखोरांनी ‘सनस्पॉट’ नावाने पुढे ओळखला गेलेला प्रोग्रॅम ठेवला होता. तो दर सेकंदाला `MsBuild.exe` सुरू झाले आहे का ते पाही. ओरायनचेच बिल्ड चालू आहे अशी खात्री पटली की `InventoryManager.cs` ही मूळ फाइल बाजूला ठेवून तिच्या जागी ‘सनबर्स्ट’ हा बॅकडोअर, म्हणजे हल्लेखोरांना गुपचूप आत घेणारा कोड, असलेली प्रत ठेवी आणि बिल्ड आटोपताच मूळ फाइल परत आणी. बदलण्यापूर्वी तो मूळ फाइलचा हॅश तपासे. विकासकांनी मधल्या काळात त्या फाइलला हात लावला असेल, तर जुनी प्रत घुसवल्याने बिल्ड मोडले असते आणि कोणीतरी चौकशी केली असती. कोडचे भांडार त्यामुळे शेवटपर्यंत स्वच्छ राहिले. ते कितीही वाचले तरी काही सापडले नसते. स्वाक्षरी बिल्डनंतर होत असल्याने तीही खरीच ठरली. स्वाक्षरी फाइल कोणाकडून आली ते सांगते. ती कशापासून बनली याबद्दल ती काहीच बोलत नाही.

कालनिर्णयाबाबत मतांतर दिसते. कंपनीच्या आधीच्या निवेदनात शिरकाव सप्टेंबर २०१९ चा मानला होता. नंतर तिच्या प्रमुखांनी टेहळणीच्या खुणा जानेवारी २०१९ पर्यंत मागे जातात असे सांगितले. टेहळणी आणि प्रत्यक्ष कोडफेर यांत फरक केला, तर दोन्ही तारखा एकत्र नांदू शकतात. सप्टेंबर २०१९ मध्ये निरुपद्रवी चाचणी कोड घुसवला गेला, तर बॅकडोअर असलेले अपडेट मार्च २०२० पासून ग्राहकांकडे जाऊ लागले. ते १८,००० हून काहीशा कमी ग्राहकांपर्यंत गेले असावे, पण पुढची घुसखोरी त्यांपैकी निवडक संस्थांतच झाली. बसल्यावर सनबर्स्ट सुमारे दोन आठवडे गप्प राहत असे. डिसेंबर २०२० मध्ये फायरआय या सुरक्षा कंपनीला स्वतःच्याच घरातील घुसखोरीचा माग काढताना हे सापडले; एका कर्मचाऱ्याच्या खात्यावर अनोळखी फोन नोंदवला गेल्याने संशय आला होता. अमेरिकी सरकारने एप्रिल २०२१ मध्ये रशियाच्या परदेशी गुप्तचर संस्थेला (एसव्हीआर) जबाबदार धरले. सनबर्स्टमधील काही कोड ‘काझुअर’ या जुन्या बॅकडोअरशी जुळतो असे कॅस्परस्कीने दाखवले आहे. मात्र तेवढ्यावरून कर्ता ठरवणे धाडसाचे होईल.

बचावाचा विचार वरील दोन प्रकारांनुसार वेगळा करावा लागतो. २०१० मध्ये मांडलेल्या शोधनिबंधातून पुढे आलेल्या ‘द अपडेट फ्रेमवर्क’मध्ये स्वाक्षरीचे काम अनेक डिजिटल किल्ल्यांत वाटलेले असते. मुख्य किल्ली ऑफलाइन ठेवता येते आणि एखादी किल्ली चोरीस गेली तरी सारे हातचे जात नाही. जुने सदोष अपडेट पुन्हा खपवणेही अवघड होते. वितरणाच्या वाटेसाठी हे उत्तम. सनस्पॉटसमोर त्याचा उपयोग झाला नसता.

बिल्डसाठी उपाय आहे तो पुनरुत्पादनक्षम बिल्डचा. एकाच कोडपासून एकमेकांशी संबंध नसलेल्या यंत्रणांवर फाइल बनवायची आणि त्यांचे हॅश जुळतात का पाहायचे. घटनेनंतर सोलरविंड्सनेही तीन समांतर बिल्डची पद्धत स्वीकारली. त्यासाठीची यंत्रणा दर वेळी नवी उभारून नंतर मोडली जाते. दिसते तितके हे सोपे नाही. कंपायलर फाइलमध्ये वेळ, फोल्डरचा मार्ग आणि काही यादृच्छिक ओळखक्रमांक टाकतो, त्यामुळे तोच कोड दोनदा बनवला तरी बाइट वेगळे पडतात. सी-शार्पमध्ये प्रकल्पाच्या फाइलीत

```
<Deterministic>true</Deterministic>
```

असे लिहून यातला बराच भाग आवरता येतो. तुलना मात्र स्वाक्षरीपूर्वीच्या फाइलींची करावी लागते, कारण स्वाक्षरीसोबत वेळेचा शिक्का येतो. तिन्ही यंत्रणांची किल्ली एकाच व्यवस्थापकाकडे असेल, तर तिघींतही तोच फेरफार होऊ शकतो. आणि घातक ओळी मूळ भांडारातच शिरल्या, तर सर्व हॅश बिनचूक जुळतात.