कंट्रोल-बाण उडी

एक्सेल किंवा लिब्रेऑफिस कॅल्कच्या वर्कशीटमध्ये `Ctrl` ही कळ दाबून ठेवून बाणाची कळ दाबली की कर्सर एकेक सेल न ओलांडता त्या दिशेला असलेल्या माहितीच्या कडेवर थेट जाऊन थांबतो. या हालचालीला येथे कंट्रोल-बाण उडी म्हटले आहे. एक्सेलमध्ये `End` ही कळ दाबून सोडल्यावर बाण दाबला तरी हीच उडी बसते.

उडी कुठे थांबेल, हे ती घेण्यापूर्वी कर्सर ज्या सेलवर असतो त्यावर आणि त्याच्या लगतच्या सेलवर ठरते. दोन्ही भरलेले असतील तर कर्सर पहिल्या रिकाम्या सेलच्या अलीकडच्या भरलेल्या सेलवर थांबतो. दोहोंपैकी एखादा रिकामा असेल तर मधली रिकामी जागा ओलांडून पुढच्या भरलेल्या सेलवर जातो. आणि पुढे काहीच भरलेले नसेल तर तो पत्रकाच्या शेवटच्या ओळीवर किंवा स्तंभावर पोहोचतो. एक्सेल 2007 पासून पत्रकात 10,48,576 ओळी असतात, त्यापूर्वी 65,536 असत. म्हणून कर्सर एकाएकी पांढऱ्या मैदानात, दहा लाखांच्या पुढच्या ओळीवर जाऊन बसला की बिघडलेले काहीच नसते, माहिती मागेच संपलेली असते एवढेच.

नाशिक जिल्ह्यातील कांदा बाजारात जमणाऱ्या नोंदींचे उदाहरण घेऊ. समजा, लासलगावच्या एखाद्या आडत्याने हंगामभराच्या 18,400 पावत्या एका पत्रकात उतरवल्या आहेत. पहिल्या ओळीत शीर्षके आहेत, म्हणून शेवटची पावती 18,401 व्या ओळीत आहे. B स्तंभात पावती क्रमांक, E मध्ये क्विंटलमधील वजन, F मध्ये दर आणि G मध्ये रक्कम आहे. एका ट्रॅक्टरची काटापावती उशिरा आल्यामुळे 2,317 व्या ओळीतले वजन भरायचे राहून गेले आहे. E2 वरून `Ctrl + ↓` दाबल्यास कर्सर E2316 वर थांबतो. पुन्हा दाबल्यास तो E2318 वर जातो, तिसऱ्यांदा E18401 वर आणि चौथ्यांदा थेट E1048576 वर.

खरा धोका निवड करताना असतो. `Ctrl + Shift + ↓` ही जोडी याच नियमाने कडेपर्यंतचे सेल निवडते, त्यामुळे E2 वरून ती एकदाच दाबून वजनाची बेरीज घेणाऱ्याच्या हाती फक्त 2,315 पावत्यांचे वजन येते, आणि पडद्यावर चुकीचा कोणताही संदेश येत नाही. खूण मात्र समोरच असते: खालच्या पट्टीत `Count` पुढे 18,400 च्या आसपासचा आकडा दिसायला हवा तिथे 2,315 दिसतो. हा आकडा पाहण्याची सवय बहुतेकांना एकदा हिशेब चुकल्यावरच लागते.

यावरचा भरवशाचा मार्ग खालून वर येण्याचा आहे. सूत्रपट्टीच्या डावीकडील नावाच्या चौकटीत `B1048576` लिहून एंटर दाबावे आणि `Ctrl + ↑` दाबावे, म्हणजे शेवटची पावती असलेली ओळ सापडते. यासाठी पावती क्रमांकाचा स्तंभ निवडण्याचे कारण असे की त्यात सहसा खाडा पडत नाही. वजनाच्या स्तंभात नेमकी अखेरची नोंदच राहिली असेल तर वरून घेतलेली उडी फसते तशीच ही उडीही फसते. शेवटची ओळ कळली की त्याच चौकटीत `E2:E18401` लिहून संपूर्ण स्तंभ निवडता येतो.

याउलट, डोळ्यांना रिकामा दिसणारा सेल उडीच्या दृष्टीने भरलेला असू शकतो. G स्तंभात पुढील सूत्र आहे असे धरू.

```
=IF(E2="","",E2*F2)
```

वजन नसलेल्या ओळीत हे सूत्र काहीच दाखवत नाही, पण सेलमध्ये सूत्र असते; म्हणून G2 वरून घेतलेली उडी 2,317 व्या ओळीवर अडखळत नाही. पुढच्या नोंदींची सोय म्हणून सूत्र 20,000 व्या ओळीपर्यंत ओढून ठेवले असेल तर कर्सर माहिती संपल्यावरही G20000 पर्यंत जातो. अशा स्तंभाची फक्त किंमत म्हणून नक्कल चिकटवली तरी दोष जात नाही, कारण सेलमध्ये शून्य लांबीचा मजकूर उरतो. ते सेल निवडून `Delete` दाबल्यावरच ते खरोखर रिकामे होतात.

`Ctrl + End` ही जोडी या उडीहून वेगळी आहे. ती सध्याच्या स्तंभाची कड शोधत नाही, तर पत्रकात वापरल्या गेलेल्या शेवटच्या ओळीच्या आणि शेवटच्या स्तंभाच्या छेदावरील सेलवर नेते, आणि एक्सेलमध्ये त्या वापरात नुसते रंग व चौकटीही धरल्या जातात. 25,000 व्या ओळीपर्यंत चौकटी आखून ठेवल्या असतील तर कर्सर तिथेच जाईल. जादा ओळी पूर्णपणे काढून टाकून फाइल जतन केल्यानंतर तो पुन्हा माहितीच्या शेवटाकडे येतो.