जात्याचं वय झिजेवरून कसं ओळखावं?

जुनं जातं पातळ दिसलं की "शंभर वर्षांचं तरी असेल" असं आपण म्हणून टाकतो. पण पातळपणा वय सांगत नाही, दळण किती झालं ते सांगतो. त्यातही आधी दगड ओळखावा लागतो.

ग्वाल्हेरचा किल्ला वालुकाश्माच्या टेकडीवर उभा आहे. वाळूचे कण चिकटून बनलेला हा दगड दळताना कण सोडतो, म्हणून पीठ कचकचतं आणि तळी भराभर झिजते. काळ्या बेसॉल्टचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. तो सावकाश झिजतो, आणि त्यात बारीक पोकळ्या असतील तर झिजताना नव्या पोकळीची धार उघडी पडत जाते. म्हणजे झिजलेलं वालुकाश्माचं जातं जाडजूड काळ्या जात्यापेक्षा तरुण असू शकतं.

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या एका मराठी घरातलं जातं पाहा. 1810 साली दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, तिच्याबरोबर ते दक्षिणेतून आलं, असं घरचे सांगतात. दगड काळा, मधूनमधून पांढऱ्या खनिजाने भरलेले ठिपके. किल्ल्याच्या टेकडीचा वालुकाश्म हा नक्कीच नाही. पण असा बेसॉल्ट माळव्यातही भरपूर आहे. त्यामुळे घरची कथा खरी असू शकते, सिद्ध मात्र होत नाही.

वरची तळी मूळ खुंट्याकडे 4 सेंटिमीटर, समोरच्या बाजूला 6. दळणारीच्या हाताचा दाब खुंट्याबरोबर फिरतो, म्हणून ती बाजू जास्त झिजते. शिवाय तळ्या गुळगुळीत झाल्या की टाकी लावून पुन्हा खरखरीत करायच्या, त्यातही दर वेळी थोडा दगड जातो. मूळ जाडी माहीत नसताना या दोन सेंटिमीटरांची वर्षं काढता येत नाहीत.

मला सर्वांत मोलाचं वाटलं ते खुंट्याचं दुसरं भोक. पहिल्या भोकाची कड फुटल्यावर समोर नवा खुंटा बसवला होता. तोंडाभोवती कोरलेल्या कमळाची एक पाकळी या भोकाने अर्धी कापली आहे, म्हणजे भोक नक्षीनंतरचं. भोक वर रुंद, आत निमुळतं, भिंतीवर छिन्नीचे तुटक घाव. यंत्राच्या गिरमिटाने सरळ भिंत आणि गोल कडी उमटल्या असत्या. नवी बाजूही आता किंचित झिजू लागली होती, म्हणजे दुरुस्तीनंतरही बरंच दळण झालं. हातानेच झालेल्या या दुरुस्तीचं साल मात्र दगड सांगत नाही.

बाजारात जुनं म्हणून विकलेलं जातं तपासताना खळग्यांत बोट घालून पाहावं. खरी झीज उंचवट्यांवर असते, खळगे खरखरीत राहतात. खळगेही तुकतुकीत असतील तर घासून, तेल लावून ते म्हातारं केलेलं असण्याची शक्यता मोठी. आणि घरचं जातं असेल तर घासून धुऊ नका. खळग्यांत अडकलेले स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यावर कोणतं धान्य दळलं गेलं याचा अंदाज बांधता येतो.