रूपांतरित तक्त्यातील मजकूररूप आकडे

पीडीएफ किंवा स्कॅन केलेल्या कागदावरून एक्सेलमध्ये आणलेल्या तक्त्यात जे आकडे डोळ्यांना आकडे दिसतात, पण संगणकाच्या लेखी अक्षरांची ओळ असतात, त्यांना मजकूररूप आकडे म्हणता येईल. ते रकान्याच्या डाव्या कडेला चिकटून राहतात आणि बेरजेच्या सूत्रात धरले जात नाहीत. खानदेशात केळीची पट्टी, कापसाच्या वजनकाट्याच्या पावत्या, दूध संस्थेचा दहा दिवसांचा हिशेब, पतपेढीचा खातेउतारा असे बरेच कागद आता पीडीएफ स्वरूपात मोबाइलवर येतात. त्यांचा एकत्र हिशेब मांडण्यासाठी ते एक्सेलमध्ये आणले जातात आणि तेथेच ही अडचण समोर येते.

अडचणीचे मूळ पीडीएफच्या रचनेत आहे. पीडीएफमध्ये साधारणतः तक्ता नसतो, रकाना नसतो आणि संख्याही नसते; पानावर अमुक ठिकाणी अमुक अक्षर उमटवावे एवढीच नोंद त्यात असते. रूपांतर करणारे साधन अक्षरांच्या जागांवरून ओळी आणि रकाने कोठे असावेत याचा अंदाज बांधते आणि प्रत्येक चौकटीत सापडलेली अक्षरे जशीच्या तशी भरते. ती अक्षरे संख्या म्हणून लिहायची की मजकूर म्हणून, हा निर्णयही त्याच साधनाचा असतो, आणि शंका आली की ते मजकुराची सुरक्षित वाट धरते. एक्सेलच्या फाइलच्या आत हा फरक स्पष्ट दिसतो. पुढील दोन ओळींपैकी पहिली मजकुराची आहे आणि दुसरी संख्येची.

```
<c r="E2" t="s"><v>14</v></c>
<c r="E2"><v>52700</v></c>
```

पहिल्या ओळीतील `t="s"` ही खूण सांगते की या चौकटीत संख्या नाही, तर फाइलमधील मजकुरांच्या सामाईक यादीतील एका नोंदीचा क्रमांक आहे. दुसऱ्या ओळीत प्रत्यक्ष संख्या आहे. वेगळे काही सांगितले नसेल तर एक्सेल संख्या उजवीकडे आणि मजकूर डावीकडे मांडते, म्हणून डावी कड हे या दोषाचे केवळ लक्षण ठरते. रकाना निवडून आकडे बटणाने उजवीकडे सरकवले तर लक्षण झाकले जाते आणि दोष तसाच राहतो. चौकटीचे स्वरूप बदलून `Number` केल्यानेही काही साधत नाही, कारण स्वरूप म्हणजे आत असलेली गोष्ट कशी दाखवावी याची सूचना; आत काय आहे ते त्याने बदलत नाही.

`SUM` हे सूत्र दिलेल्या चौकटींच्या पट्ट्यातील मजकूर मुद्दाम वगळते. रकान्याच्या डोक्यावरील शीर्षक किंवा मध्येच लिहिलेला एखादा शेरा यांमुळे बेरीज अडू नये म्हणून ही सोय केलेली आहे. रूपांतरित तक्त्यात मात्र तीच सोय घातक ठरते, कारण वगळलेल्या आकड्यांची कोणतीही सूचना मिळत नाही. सगळा रकाना मजकूर असेल तर बेरीज `0` येते आणि चूक तेथल्या तेथे कळते. खरा धोका आहे तो अर्धवट रूपांतरात: काही आकडे संख्या झालेले असतात, काही मजकूर राहिलेले असतात आणि बेरीज पटण्याजोगी पण कमी येते. अशा बेरजेवर विसंबून उचल फेडली किंवा हिस्से वाटले, तर चूक सापडेपर्यंत पैसे हातचे गेलेले असतात.

रावेर तालुक्यातील केळी उत्पादकाच्या एका महिन्याच्या पट्टीचे नमुन्यादाखल उदाहरण घेऊ. वजन क्विंटलमध्ये, भाव क्विंटलमागे आणि शेवटच्या रकान्यात रक्कम, अशी तिची मांडणी आहे. पहिल्या ओळीत ४२.५० क्विंटल माल १,२४० रुपये भावाने गेला आहे आणि त्याची रक्कम ५२,७०० रुपये झाली आहे. एकूण पाच विक्रीच्या ओळी आहेत आणि सहाव्या ओळीत हमाली व इतर खर्चाची वजावट आहे. एक्सेलमध्ये आल्यावर E2 ते E7 या चौकटींत पुढील रकमा दिसतात.

```
52,700.00
48,132.00
1,07,100.00
64,500.00
46,080.00
2,150.00-
```

पट्टीवर छापलेली निव्वळ रक्कम ३,१६,३६२ रुपये आहे. एक्सेलमध्ये `=SUM(E2:E7)` लिहिल्यावर मात्र १,१०,५८० येतात, म्हणजे केवळ चौथ्या आणि पाचव्या ओळीची बेरीज. `=COUNT(E2:E7)` फक्त संख्या मोजते आणि `2` असे उत्तर देते. `=COUNTA(E2:E7)` भरलेल्या सगळ्या चौकटी मोजते आणि `6` असे उत्तर देते. या दोन उत्तरांतील तफावत म्हणजे मजकूर राहिलेल्या चौकटींची संख्या होय. बेरजेकडे पाहण्याआधी ही दोन सूत्रे लिहिण्याची सवय इतर कोणत्याही उपायापेक्षा अधिक मोलाची आहे.

यानंतर त्या चार चौकटी मजकूर का राहिल्या हे शोधावे लागते, कारण उपाय कारणाप्रमाणे बदलतो. चौकटीच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसत असेल तर प्रकरण साधे असते: आत निखळ आकडे आहेत, फक्त त्यांच्यावर मजकुराचा शिक्का आहे. त्रिकोणाजवळच्या पिवळ्या चिन्हातून `Convert to Number` निवडले की काम होते. रकाना लांबलचक असेल तर तो निवडून `Data` मधील `Text to Columns` उघडावे आणि काहीही न बदलता `Finish` दाबावे. एक्सेल प्रत्येक चौकट नव्याने वाचते आणि तिला संख्या म्हणून स्वीकारते. अशा साध्या प्रकरणात `=E2+E3` ही बेरीज बरोबर येते आणि त्याच दोन चौकटींची `SUM` शून्य येते, यामुळे अनेकांचा गोंधळ होतो. अधिक हे चिन्ह मजकुरातून संख्या काढण्याचा प्रयत्न करते, पण पट्ट्यावर चालणारे `SUM` तसा प्रयत्न करत नाही.

आपल्या पट्टीत पहिल्या तीन ओळींवर त्रिकोण दिसत नाही आणि `=E2+E3` लिहिल्यावर `#VALUE!` येते. याचा अर्थ आकड्यासोबत एखादे न दिसणारे अक्षर आले आहे. `52,700.00` मध्ये स्वल्पविराम आणि टिंब धरून नऊ अक्षरे आहेत, पण `=LEN(E2)` हे `10` सांगते. ते दहावे अक्षर कोणते, हे `=UNICODE(RIGHT(E2))` विचारल्यावर `160` असे उत्तर येते. नेहमीच्या मोकळ्या जागेचा क्रमांक ३२ असतो. १६० ही ओळ तुटू नये म्हणून छपाईत आणि वेबपानांवर वापरली जाणारी अखंड जागा आहे. दिसायला दोन्ही सारख्याच असल्या तरी `TRIM` हे सूत्र फक्त ३२ क्रमांकाची जागा काढते आणि `CLEAN` हे ० ते ३१ क्रमांकांची नियंत्रक अक्षरे काढते, म्हणून १६० या दोघांच्याही तावडीतून सुटते. `TRIM` लावूनही आकडे डावीकडेच राहिले, अशी तक्रार आली की पहिला संशय या अक्षरावर घ्यावा.

उपाय म्हणजे शेजारच्या रिकाम्या F रकान्यात पुढील सूत्र लिहून ते खाली ओढणे.

```
=NUMBERVALUE(SUBSTITUTE(E2,UNICHAR(160),""),".",",")
```

`SUBSTITUTE` अखंड जागा पुसते. `NUMBERVALUE` ला दशांशासाठी टिंब आणि गटांसाठी स्वल्पविराम असल्याचे आपण स्वतः सांगतो, त्यामुळे संगणकाची प्रादेशिक मांडणी कोणतीही असली आणि स्वल्पविराम आपल्या लाख-हजारांच्या पद्धतीने पडलेले असले तरी वाचनात फरक पडत नाही. हे सूत्र एक्सेल २०१३ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांत चालते. मात्र रिकाम्या चौकटीचे ते शून्य करते, हे लक्षात ठेवावे. बेरजेला त्याचा धक्का लागत नाही, पण सरासरी काढली तर ती खाली येते.

सहाव्या ओळीतील अडचण निराळी आहे. तेथे लपलेले अक्षर नाही, तर वजाचे चिन्ह रकमेच्या मागे आहे. जुन्या हिशेबी प्रणालींतून छापलेल्या पत्रकांत अशी पद्धत आढळते. येथे चिन्ह काढून रक्कम स्वतः उणे करणे सर्वांत निःसंदिग्ध ठरते.

```
=-NUMBERVALUE(SUBSTITUTE(E7,"-",""),".",",")
```

पतपेढी किंवा बँकेच्या उताऱ्यात रकमेच्या मागे `Dr` किंवा `Cr` असते, तेव्हाही हीच रीत वापरावी. फक्त ती अक्षरे पुसण्याआधी कोणती रक्कम नावे आणि कोणती जमा हे वेगळ्या रकान्यात टिपून ठेवावे, नाहीतर पुसल्यावर तो भेद कायमचा हरवतो.

सहाही ओळी झाल्यावर F रकान्याची बेरीज ३,१६,३६२ येते, `COUNT` सहा दाखवते आणि छापील रकमेशी मेळ बसतो. त्यानंतर F रकाना कॉपी करून `Paste Special` मधील `Values` ने पक्का करावा आणि मगच E रकाना काढून टाकावा. मेळ बसला नाही आणि बेरीज बरोबर दुप्पट आली, तर पीडीएफमधील एकूण रकमेची ओळही रकान्यात आली असण्याची शक्यता मोठी असते. दुरुस्तीपूर्वी ती मजकूर असल्याने वगळली जात होती आणि दुरुस्तीनंतर मोजली जाऊ लागली.

मराठी पत्रकांत देवनागरी अंकांचा प्रश्न वेगळा उभा राहतो. संगणकाच्या दृष्टीने `५` आणि `5` ही दोन स्वतंत्र अक्षरे आहेत. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नऊचा २४१५ आहे, आणि वरील सूत्र त्यांना ओळखेल यावर विसंबू नये. `Find and Replace` ने दहा अंक एकेक करून बदलणे हा साधा आणि खात्रीचा मार्ग आहे. स्कॅन केलेल्या कागदावरून मजकूर ओळखला असेल तर शून्याच्या जागी इंग्रजी `O` आणि एकाच्या जागी `l` आलेले असू शकतात. अशा ठिकाणी सरसकट अदलाबदल न करता मूळ कागदाशी ताडून पाहावे, कारण ज्या साधनाने शून्य चुकीचे वाचले त्याने तीनचा आठही वाचलेला असू शकतो, आणि तो आठ निमूटपणे संख्या होऊन उजवीकडे जाऊन बसतो. अशी चूक कोणतेही सूत्र पकडत नाही.

काही आकडे मात्र मजकूरच राहिले पाहिजेत. एक्सेल पंधराच सार्थ अंक जपते, म्हणून सोळा किंवा अधिक अंकांचा खातेक्रमांक संख्या केला तर त्याच्या शेवटच्या अंकांची शून्ये होतात आणि मूळ क्रमांक परत मिळत नाही. खातेक्रमांकाच्या सुरुवातीची शून्येही अशीच गळतात. गट क्रमांक `12/2` असा असेल तर पुन्हा वाचताना त्याची तारीख होते. सातबाऱ्यावरील `1.20.50` हे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन मापांचे एकत्र लेखन आहे. त्याची बेरीज करायची असेल तर तिन्ही भाग वेगळे काढून एकाच मापात आणावे लागतात, आणि तोवर ते डाव्या कडेलाच असणे योग्य आहे. म्हणून `Text to Columns` किंवा वरील सूत्र संपूर्ण तक्त्यावर न चालवता केवळ वजन, भाव आणि रक्कम यांच्या रकान्यांवर चालवावे.

लिब्रे ऑफिस कॅल्क वापरणाऱ्यांना तपासणी अधिक सोपी आहे. `Ctrl+F8` दाबले की संख्या निळ्या, मजकूर काळा आणि सूत्रे हिरवी दिसतात, त्यामुळे कोणी आकडे हाताने उजवीकडे सरकवून ठेवले असले तरी मजकूर राहिलेली चौकट लगेच ओळखू येते.