ठोक्यागणिक साठ मिलिलिटर: रॅम पंपातला हिशेब

समजा एका झऱ्याचं मिनिटाला ६० लिटर पाणी मिळतंय आणि ते २ मीटर खाली उतरवता येतंय. त्यातलं काही पाणी पंपापासून २० मीटर उंचीवरच्या टाकीत न्यायचं आहे. वीज नाही, इंजिन नाही, दांडा हलवायला माणूसही नाही. तरीही त्या टाकीत दिवसाला सुमारे ५,००० लिटर पाणी पडू शकतं. हे काम हायड्रॉलिक रॅम, म्हणजेच रॅम पंप करतो, आणि त्यात हलणारे भाग असतात फक्त दोन झडपा.

पाणी आपली पातळी सोडून वर जात नाही हे आपण शाळेत शिकलेलो असतो, त्यामुळे इथे काहीतरी फसवणूक आहे असं वाटणं साहजिक आहे. फसवणूक नाही, पण एक अट आहे: सगळं पाणी वर जात नाही. आपल्या उदाहरणात पंप सेकंदाला एक ठोका देतो असं धरू. दर ठोक्याला साधारण एक लिटर पाणी पंपात येतं. त्यातलं ६० मिलिलिटर वर चढतं आणि उरलेलं ९४० मिलिलिटर पंपाच्या तोंडातून बाहेर पडून पुन्हा ओढ्याला मिळतं. एक लिटर २ मीटर उतरलं, तर त्या ऊर्जेत फार तर १०० मिलिलिटर पाणी २० मीटर चढू शकलं असतं. प्रत्यक्षात ६० चढलं, म्हणजे कार्यक्षमता ६० टक्के. नीट बसवलेल्या रॅमकडून एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. ‘फुकटात पाणी वर’ असं कुणी म्हणालं, तर हे ९४० मिलिलिटर त्याच्या समोर ठेवावेत.

ऊर्जेचा हिशेब जमला, पण ९४० मिलिलिटरची ऊर्जा त्या ६० मिलिलिटरला मिळते कशी? ते कळायला एकच ठोका सावकाश पाहू.

उगमापासून पंपापर्यंत उतारावर एक जाड, कडक नळ आलेला असतो. त्याला ड्राइव्ह पाइप म्हणतात. आपला नळ १२ मीटर लांब आणि ५० मिलिमीटर व्यासाचा आहे, त्यात साधारण साडेतेवीस किलो पाणी मावतं. नळाच्या खालच्या टोकाला दोन वाटा असतात. एक वाट थेट बाहेर उघडते. तिच्यावर वेस्ट व्हॉल्व्ह असतो, आपण त्याला बाहेरची झडप म्हणू. दुसरी वाट एका बंद, हवा भरलेल्या उभ्या डब्यात जाते. तिच्यावरची झडप फक्त डब्याच्या दिशेनेच उघडते, ती आतली झडप. वरच्या टाकीकडे जाणारा बारीक नळ त्या डब्याच्या तळाशी जोडलेला असतो.

बाहेरची झडप स्वतःच्या वजनाने खाली लोंबकळत असते, म्हणजे उघडी असते. पाणी तिच्या कडेने वर उसळून बाहेर पडतं. सुरुवातीला वेग कमी असतो, पण नळातलं सगळं पाणी एकत्र सरकत असल्यामुळे वेग वाढत जातो. सुमारे पाऊण सेकंदात तो सेकंदाला १.२ मीटरपर्यंत पोचतो. आता कडेने जाणाऱ्या पाण्याचा रेटा झडपेच्या वजनाला भारी पडतो, पाणी तिला उचलतं आणि ती खाडकन मिटते.

नळातलं साडेतेवीस किलो पाणी मात्र अजून धावतंच आहे. पुढची वाट एकाएकी बंद झाली की त्याचा वेग कुठेतरी जिरलाच पाहिजे. घरातला नळ झटक्यात बंद केला की भिंतीतल्या पाइपातून ‘ठक’ असा आवाज येतो, तो याच प्रकाराचा. यालाच जलाघात म्हणतात. तो किती मोठा असतो याचं गणित निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ मध्ये मांडलं. आपल्या नळाला ते लावलं, तर दुसरी वाटच नसताना दाब क्षणभर सुमारे १५० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका चढला असता. आणि ही सगळी करामत २ मीटरच्या उताराची.

हातोडीने खिळा ठोकताना हेच घडतं. हात हातोडीला फूटभर अंतरभर बेताचाच जोर लावतो, खिळा ती हालचाल दोन-तीन मिलिमीटरात थांबवतो, आणि म्हणून खिळ्यावरचा जोर हाताच्या जोराच्या कितीतरी पट होतो. रॅममध्ये हातोडीच्या जागी पाण्याचा स्तंभ असतो. २ मीटरच्या उताराने त्याला पाऊण सेकंद ढकललं, आता त्याला थांबायला शंभरातले जेमतेम आठ भाग सेकंद मिळतात.

दाब १५० मीटरपर्यंत जात नाही, कारण डब्यातला दाब २० मीटरचा आहे. नळातला दाब त्याच्या थोडा वर गेला की आतली झडप उघडते आणि पाणी डब्यात घुसतं. पोलादी नळातून दाबाची लाट सेकंदाला हजार मीटरहून जास्त वेगाने धावते. उगमापर्यंत जाऊन परत येताना ती दर फेरीला पाण्याचा वेग थोडा थोडा कापते, आणि चार-पाच फेऱ्यांत पाणी थांबतं. तेवढ्या अवधीत डब्यात जे जातं तेच आपले ६० मिलिलिटर.

पुढची हालचाल मला या यंत्रात सगळ्यात देखणी वाटते. आकसलेलं पाणी आणि ताणलेला नळ आता सैल होतात आणि पाणी किंचित मागे, उगमाकडे उसळी घेतं. आतली झडप मिटते. पंपापाशी दाब क्षणभर हवेच्या दाबापेक्षाही खाली जातो. बाहेरच्या झडपेला आता खालून आधार उरत नाही, ती स्वतःच्या वजनाने खाली पडते, वाट मोकळी होते आणि पाणी पुन्हा धावू लागतं. स्प्रिंग नाही, लिव्हर नाही, आपला आपण पुढचा ठोका.

ही स्वयंचलित उघडझाप सुचायला वेळ लागला. जॉन व्हाइटहर्स्ट यांनी १७७२ मध्ये इंग्लंडमधल्या चेशायर परगण्यात असं यंत्र बसवलं होतं, पण त्यात बाहेरच्या झडपेच्या जागी साधी तोटी होती. कुणीतरी ती उघडून बंद केली की तेवढ्यापुरतं पाणी वर जायचं. झडप आपोआप चालेल अशी रचना फ्रान्समध्ये जोसेफ माँगोल्फिए यांनी १७९६ मध्ये केली. गरम हवेचा फुगा उडवणाऱ्या दोन भावांपैकी हे एक.

हवेचा डबा हा न हलणारा भाग आहे, पण तो काढला तर पंप कामातून जातो. वर जाणाऱ्या नळात पाण्याचा लांबलचक स्तंभ उभा असतो. दर ठोक्याला त्याला शून्यातून हलवायचं म्हटलं, तर सेकंदाचे शंभरातले आठ भाग पुरणार नाहीत, आणि जलाघाताच्या दृष्टीने ती वाट जवळजवळ बंदच. डब्यातली हवा मात्र लगेच दबते आणि पाण्याला जागा देते. मग पुढच्या ठोक्यापर्यंतच्या वेळात ती पसरते आणि तेच पाणी संथपणे वर रेटते. त्यामुळे टाकीत पाणी गचके न देता बऱ्यापैकी एकसंध धारेने पडतं.

अडचण अशी, की दाबाखालचं पाणी हवा विरघळवून घेतं. २० मीटर उंचीला डब्यातली हवा दबून मूळच्या एक तृतीयांश झालेली असते, त्यातली थोडी थोडी पाण्याबरोबर वर निघून जाते. काही दिवसांत डबा पाण्याने भरतो. हे कानांना कळतं: एरवीचा भरीव ठोका जाऊन कोरडा, धातूवर धातू आपटल्यासारखा खणखणाट सुरू होतो आणि नळ हादरू लागतो. तसाच चालू ठेवला तर जोड सुटतात किंवा डब्याला तडा जातो. यावरचा उपाय म्हणजे आतल्या झडपेच्या जरा खाली पाडलेलं मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं छिद्र. उसळीच्या क्षणी दाब हवेच्या खाली जातो तेव्हा या छिद्रातून हवेचा एक बुडबुडा आत ओढला जातो आणि पुढच्या ठोक्याला तो डब्यात पोचतो. या छिद्रातून दर ठोक्याला पाण्याची बारीक चिळकांडी उडते. ती गळती समजून छिद्र बुजवणं ही या पंपाबाबत हमखास होणारी चूक.

ड्राइव्ह पाइप कडकच का हवा, हेही आता ध्यानात येईल. प्लास्टिकचा नळ दाबाखाली फुगतो, लाट मंदावते आणि पाण्याची ऊर्जा नळ ताणण्यात जाते. तो वापरता येतो, पण पाणी कमी चढतं आणि रोज हजारो वेळा ताण बसल्याने तो लवकर दमतो. म्हणून तिथे लोखंडी नळ बरा. वर जाणाऱ्या नळाला ठोका लागत नसल्याने तो खुशाल प्लास्टिकचा असावा. लांबीलाही मर्यादा आहे: साधारणपणे उताराच्या तीन ते सात पट. आखूड नळात धावणारं पाणी कमी, त्यामुळे ठोक्यात जोर राहत नाही. फार लांब नळात घर्षणच वेग खाऊन टाकतं.

पहिल्यांदा सुरू करताना रॅम सहसा एकच ठोका देऊन गप्प होतो, बाहेरची झडप मिटलेलीच राहते. पंप बिघडलेला नसतो. डब्यात अजून दाब नाही, त्यामुळे पाणी कशावरही न आपटता आत शिरतं आणि उसळी येत नाही. अशा वेळी झडप हाताने खाली दाबत राहायचं. वरचा नळ थोडा भरला आणि दाब आला की ती स्वतःहून चालू लागते. उलट ती उघडीच राहून पाणी नुसतं वाहत असेल, तर येणारा प्रवाह तिला उचलण्याइतका नाही. उगमाचं पाणी घटलेलं असतं किंवा जाळीवर पाला अडकलेला असतो. ठोके व्यवस्थित पडताहेत पण टाकीत पाणी नाही, असं झालं तर आतल्या झडपेखाली खडा किंवा काडी अडकली आहे का ते आधी बघावं.

बाहेरच्या झडपेवरचं वजन बदलून पंप जुळवता येतो. वजन वाढवलं की झडप उशिरा मिटते, ठोके संथ पण जोरकस पडतात, आणि पंप पाणीही जास्त पितो. वजन कमी केलं की ठोके भराभर पडतात आणि थोड्या पाण्यावर भागतं. झरा ऋतूप्रमाणे फार कमीजास्त होत असेल, तर एका मोठ्या रॅमऐवजी दोन लहान रॅम शेजारी शेजारी बसवतात. ड्राइव्ह पाइप दोघांना वेगवेगळे, वर जाणारा नळ एकच. पाणी आटायला लागलं की एकाची वाट बंद करायची, म्हणजे दुसऱ्याला लागणारा प्रवाह पुरा पडतो.