हरभऱ्याएवढा ठिपका

यवतमाळकडच्या एका गावातले बासष्ट वर्षांचे शेतकरी. पहाटे गोठ्यात बैलाचं दावं बांधता बांधता उजव्या हातातून दोर सुटला, मग उजवा पाय लुळा पडला, तोंड डावीकडे ओढलं गेलं. बीपीच्या गोळ्या त्यांनी सोयाबीन निघाल्यापासून बंद केल्या होत्या. गावाने निदान केलं, ‘लकवा मारला’. तेल चोळण्यात सकाळ गेली. दवाखान्यात आले तेव्हा नऊ तास उलटले होते.

तपासताना एक गोष्ट लक्षात आली. बोलणं बोबडं होतं, पण शब्द चुकत नव्हते. घड्याळाला घड्याळच म्हणत होते. चिमटा दोन्ही बाजूंना सारखाच कळत होता. डाव्या मेंदूचा पृष्ठभाग मोठ्या प्रमाणात गेला असता तर भाषाही गेली असती. इथे फक्त हालचाल गेली होती, आणि चेहरा, हात, पाय तिन्हींची. म्हणजे बिघाड आत खोलवर. एमआरआयमध्ये तो दिसला: आठ मिलिमीटरचा ठिपका, हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

पावसाळ्यातली पांदण आठवा. शेतं दूरदूर पसरलेली, पण गाड्या सगळ्या त्याच अरुंद वाटेने गावात येतात. एक गाडी चिखलात रुतली की मागचं सगळं शिवार अडकतं. मेंदूच्या पृष्ठभागावर हात, पाय, चेहरा यांच्या जागा अशाच लांब लांब आहेत. पायाची तर दोन अर्धगोलांमधल्या फटीत आत वळलेली. तिथून निघालेले तंतू खाली येताना ‘इंटर्नल कॅप्सूल’ या पट्ट्यात दाटीने एकत्र येतात. हा पट्टा आडव्या छेदात इंग्रजी ‘व्ही’सारखा दिसतो: पुढचा भाग, मधला गुडघा, मागचा भाग. चेहऱ्याचे तंतू गुडघ्याजवळून, हातापायांचे मागच्या भागातून उतरतात. पुढे मेंदूच्या बुडाशी हातापायांचे बहुतेक तंतू बाजू बदलतात, म्हणून डावीकडचा ठिपका उजवं अंग पाडतो. संवेदनेचे तंतू शेजारीच असतात. ठिपका जरा मोठा असता तर बधिरपणाही आला असता.

रक्तपुरवठ्याची गत आणखी नाजूक. मधल्या मोठ्या धमनीतून, मिडल सेरेब्रलमधून, बारीक फांद्या जवळपास काटकोनात वर घुसतात. पट्ट्याच्या मागच्या भागाच्या खालच्या बाजूला अँटेरियर कोरॉइडल धमनी रक्त देते. या फांद्यांना शेजारच्या फांद्यांचा आधार जवळजवळ नसतो; एक बुजली की तिच्या वाट्याचा तुकडा उपाशी. वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिलं की त्यांच्या भिंती जाड होतात आणि पोकळी बुजते. ह्याच फांद्या फुटतातही! बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, म्हणून गुठळी विरघळवणाऱ्या औषधाआधी सीटी स्कॅन करावाच लागतो. रक्तस्राव त्यात लगेच पांढरा दिसतो. बुजलेल्या फांदीचा सीटी मात्र सुरुवातीला अगदी साफ येऊ शकतो.

ते औषध सहसा पहिल्या साडेचार तासांत देतात. यांची वेळ निघून गेली होती. तिसऱ्या आठवड्यात खांदा हलला, पाय त्याआधीच. आता ते काठी टेकत गोठ्यात जातात. दाव्याची गाठ मात्र डाव्या हाताने आणि दातांनी मारतात.